दीड तासाची शिकवणी, बारा कार्डं

माझ्याकडे शिकवणीला येणारी दहावीतली एक मुलगी 'उष्णता' हा धडा घेऊन बसली होती. दीड तास आम्ही बोललो, गणितात एकच चूक दोनदा झाली, स्टीलच्या वाटीत बर्फ ठेवून एक छोटा प्रयोगही झाला. उठताना तिच्या वहीची पाच पानं भरली होती. आठ दिवसांनी तीच वही उघडून मी विचारलं, "यातलं काय आठवतंय?" तर तिने पानं चाळली आणि म्हणाली, "ताई, वाचलं की सगळं आठवतं." वाचलं की आठवतं, म्हणजे वही मिटली की आठवत नाही. पेपरात वही मिटलेलीच असते.

म्हणून शिकवणी संपली की त्याच दिवशी आम्ही तिची कार्डं करतो. एका बाजूला एक प्रश्न, मागे एक छोटं उत्तर. ऐकायला सोपं आहे, पण पहिल्यांदा करणारा हमखास चुकतो. मीही चुकले होते. सुरुवातीला एका मुलाच्या एका शिकवणीतून मी एकटीने बसून चाळीसच्या वर कार्डं काढली. अक्षर सुंदर, रंगीत पेन. त्याने आठवड्यात ती सगळी पाठ केली आणि चाचणीत प्रश्न जरा फिरवून आला तर बसला गप्प. शिकवणीत जे जे बोललं गेलं ते सगळं मी कार्डांवर उतरवलं होतं. तो कुठे अडला होता ते मात्र त्या चाळीसांत शोधावं लागलं असतं.

तेव्हापासून माझा हिशेब असा आहे: दीड तासाच्या शिकवणीतून दहा ते पंधरा कार्डं, आणि त्यातली बहुतेक विद्यार्थी जिथे अडखळला तिथून. खाली त्या 'उष्णता'च्या शिकवणीची कार्डं कशी झाली ते क्रमाने सांगते. तुम्ही स्वतः शिकवत असाल, पोराला घरी शिकवत असाल किंवा स्वतःच विद्यार्थी असाल, रीत तीच.

शिकवणी चालू असताना फक्त खुणा

शिकवताना कार्ड लिहायचं नाही. तंद्री तुटते, आणि कोणती गोष्ट जड जातेय हे त्या क्षणी कळतही नाही. वहीच्या उजवीकडे दोन बोटं समास सोडायचा आणि तिथे नुसत्या खुणा करायच्या. माझ्या तीनच खुणा आहेत. विद्यार्थी चुकला किंवा थबकला तर टिंब. त्याने स्वतः प्रश्न विचारला तर प्रश्नचिन्ह. आणि "अच्छा, म्हणजे असं!" असं त्याच्या तोंडून निघालं तर फुली. शेजारी एखादा शब्द, बस.

त्या दिवशी पहिलं प्रश्नचिन्ह दहाव्याच मिनिटाला पडलं. मी म्हटलं, बर्फ वितळत असताना तापमान बदलत नाही. ती म्हणाली, "पण ताई, आपण उष्णता तर देतोय ना? थोडं तरी वाढेलच की." मी समजावत बसले नाही. स्टीलच्या वाटीत बर्फाचा चुरा घेतला, त्यात प्रयोगशाळेतला साधा थर्मामीटर उभा केला आणि वाटी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवली. मधून मधून ढवळत राहिलो. बर्फ डोळ्यांदेखत कमी होत होता आणि पारा शून्याच्या आसपास चिकटून बसला होता. शेवटचा तुकडा वितळला तसा तो सरकायला लागला. "म्हणजे बर्फ संपेपर्यंत तो हलणारच नाही!" इथे फुली पडली.

ढवळायला विसरू नका. नाहीतर खालचं पाणी तापतं, वर बर्फ तरंगत राहतो आणि थर्मामीटर भलतंच काहीतरी दाखवतो.

दुसरं मोठं टिंब गणितात पडलं. गणित असं: 40 अंश सेल्सिअसच्या 20 ग्रॅम पाण्यात 0 अंशाचा 5 ग्रॅम बर्फ टाकला. भांड्याची आणि हवेची उष्णता सोडून द्या. शेवटी तापमान किती? तिने मांडलं: बर्फ वितळायला दर ग्रॅमला 80 कॅलरी, म्हणून 5 × 80, म्हणजे 400 कॅलरी. पाण्याने दिलेली उष्णता 20 × (40 − T). दोन्ही सारखे, म्हणून T बरोबर 20 अंश. आकडा सुटसुटीत आला, त्यामुळे तिला खात्रीच वाटली.

तिचं राहिलं काय, तर वितळलेला बर्फ. तो 5 ग्रॅम बर्फ आता 0 अंशाचं पाणी झालाय, आणि त्यालाही T पर्यंत तापायचं आहे. त्यासाठी आणखी 5 × T कॅलरी लागणार. मग 20 × (40 − T) = 400 + 5T, म्हणजे 400 = 25T, आणि T येतो 16 अंश. हीच चूक तिने पुढच्या गणितात परत केली. एकाच जागी दोन टिंबं म्हणजे तिथलं कार्ड नक्की.

उठल्यावर लगेच: वही मिटून कोरा कागद

शिकवणी संपली की पाच मिनिटं पाणी, गप्पा. मग वही मिटायची आणि विद्यार्थ्याच्या हातात कोरा कागद द्यायचा. आज काय शिकलास ते आठवेल तसं लिही, क्रम नको, वाक्यं नकोत. दहा मिनिटं. हे काम विद्यार्थ्यानेच करायचं. मी फक्त बघते.

त्या कागदावर तिने 80 लिहिलं, 540 लिहिलं, 4 अंश लिहिलं, वाटीचा प्रयोग लिहिला. तो न लिहायला काय झालं होतं, तो लक्षात राहण्यासारखाच होता. वितळलेल्या बर्फाचं पाणी मात्र त्या कागदावर नव्हतं. समासातल्या खुणा आणि हा कागद शेजारी शेजारी ठेवला की खरी यादी दिसते. खूण आहे आणि कागदावर नाही, ते सगळ्यात आधी. दोन्हीकडे आहे, ते त्यानंतर. कुठेच नाही, ते बहुधा मी बोलून गेलेलं असतं आणि त्याला तूर्त कार्डाची गरज नसते. बोलण्यात मी पाण्याच्या टँकरपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत कुठेही जाते, त्याची कार्डं करायला लागलो तर खोकं भरेल.

आमच्या यादीत सव्वीस गोष्टी निघाल्या. मग प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा: हे विसरलं तर पुढे काय अडेल? 540 विसरलं तर वाफेचं एकही गणित सुटत नाही, म्हणून ते राहील. कॅलरीची व्याख्या लिहिताना 14.5 ते 15.5 अंश असं म्हणतात, ते विसरलं तर गणित अडत नाही. व्याख्या पेपरात येऊ शकते, म्हणून ते वहीत राहू दे, कार्डावर नको. सूत्राची सिद्धता, प्रयोगाची कृती, आकृती काढण्याच्या पायऱ्या ही कार्डाची कामंच नाहीत. त्यांचा सराव कागदावर करावा लागतो. सव्वीसचे अशा रीतीने चौदा उरले. त्यातले दोन पुढे लिहिताना गळाले.

प्रश्न लिहिणं: सगळा वेळ इथे जातो

नवखा माणूस पहिलं कार्ड असं लिहितो:

प्रश्न: अप्रकट उष्मा म्हणजे काय?
उत्तर: पदार्थाची अवस्था बदलत असताना, तापमान स्थिर राहून, पदार्थाने शोषून घेतलेली किंवा बाहेर टाकलेली उष्णता.

उत्तर बरोबर आहे. कार्ड वाईट आहे. विद्यार्थी यातलं अर्धं सांगतो आणि स्वतःला पूर्ण गुण देतो. "अवस्था बदलताना लागणारी उष्णता" म्हणाला आणि 'तापमान स्थिर' हे राहून गेलं, तर ते बरोबर धरायचं का चूक? कार्डाने असा वाद निर्माण करू नये. पाहिल्याबरोबर हो किंवा नाही ठरलं पाहिजे. या एका उत्तरात तीन गोष्टी गुंतल्या आहेत, तर त्या वेगळ्या करायच्या:

प्रश्न: वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहिलो, तर तापमान कधी वाढायला लागतं?
उत्तर: सगळा बर्फ वितळल्यावर.

प्रश्न: तापमान वाढत नाही, मग बर्फ वितळताना दिलेली उष्णता जाते कुठे?
उत्तर: कणांमधले बंध सैल करण्यात.

प्रश्न: 0 अंशाच्या 1 ग्रॅम बर्फाचं 0 अंशाचंच पाणी करायला किती उष्णता लागते?
उत्तर: 80 कॅलरी.

पहिला प्रश्न थेट वाटीच्या प्रयोगातून आलाय. ती तो वाचते तेव्हा तिला पारा दिसतो. दुसरा तिच्याच तोंडचा आहे: "आपण उष्णता तर देतोय ना?" समासात विद्यार्थ्याचे शब्द जसेच्या तसे टिपून ठेवायचे ते यासाठी. माझ्या भाषेत लिहिलेला प्रश्न तिला परका वाटतो.

तिसऱ्या कार्डात 'अंशाचंच' मधला 'च' महत्त्वाचा आहे. तो नसेल तर पुढचं तापणंही त्यात आलं का, अशी शंका येते. प्रश्नात लागतील तेवढे शब्द घालायला कंजुषी करू नका. कात्री लावायची ती उत्तराला. माझा अंदाज असा की उत्तर एका दमात म्हणता यावं, सहा-सात शब्दांत. त्याहून लांब झालं तर बहुतेक वेळा आत दुसरं कार्ड लपलेलं असतं.

'हो-नाही'चे प्रश्न टाळा. "बर्फ वितळताना तापमान वाढतं का?" याचं उत्तर न समजताही निम्म्या वेळा बरोबर येतं, आणि शिवाय मुलांना माहीत असतं की शिक्षक असा प्रश्न विचारतात तेव्हा उत्तर 'नाही'च असतं.

'का' विचारणारी कार्डं जपून करावी लागतात, कारण त्यांची उत्तरं लांबतात. वहीत तिने लिहिलं होतं: "वाफेने जास्त भाजतं कारण वाफेचं आधी 100 अंशाचं पाणी होतं आणि त्या वेळी अप्रकट उष्मा बाहेर पडतो, जो दर ग्रॅमला 540 कॅलरी असतो आणि मग ते पाणी पण गरम असतंच." सगळं बरोबर. पण कार्डावर हे चालणार नाही. आम्ही जे माहीत आहे ते प्रश्नात ढकललं आणि उत्तरात फक्त नवी गोष्ट ठेवली:

प्रश्न: पाणी 100 अंशाचं, वाफही 100 अंशाची. मग 1 ग्रॅम वाफेने जास्त का भाजतं?
उत्तर: पाणी होताना 540 कॅलरी जास्तीच्या सोडते.

ही युक्ती फार उपयोगी आहे. लांब उत्तर दिसलं की त्यातला ओळखीचा भाग उचलून प्रश्नात टाकायचा.

आता व्याख्येचं काय, ती तर पेपरात विचारतात. व्याख्या पाठच करायची असेल तर पूर्ण व्याख्या प्रश्नाच्या बाजूला लिहून नेमका एकच शब्द गाळायचा: "अवस्था बदलत असताना, ______ स्थिर राहून, शोषलेली किंवा बाहेर टाकलेली उष्णता." मागे: तापमान. गाळलेला शब्द असा हवा की तो चुकला तर अर्थच बदलेल. 'उष्णता' हा शब्द गाळण्यात काही हशील नाही, तो कुणीही सांगेल.

भाषेचं एक. कार्ड परीक्षेच्या भाषेत करा. सेमी इंग्रजीतली मुलं विज्ञान इंग्रजीत लिहितात, पण शिकवणीत आम्ही मराठीत बोलतो. अशा मुलांच्या कार्डावर प्रश्न बोलीभाषेत चालतो, पण उत्तरातली संज्ञा पेपरात लिहायची तीच हवी: लेटंट हीट, स्पेसिफिक हीट. नाहीतर पेपरात 'अप्रकट उष्मा' आठवतो आणि इंग्रजी शब्द जिभेवर अडकतो.

गणिताचं कार्ड: पूर्ण गणित नको, वळण हवं

16 अंशांचं गणित अख्खं कार्डावर उतरवलं तर तिसऱ्या दिवशी मुलगी प्रश्न अर्धा वाचूनच "सोळा" म्हणेल. तिच्या डोक्यात त्या गणिताचा आकडा राहिला, रीत राहिली नाही. म्हणून गणितात ती नेमकी कोणत्या वळणावर चुकली तेवढंच कार्डावर घ्यायचं. आकडे शक्यतो नकोत.

प्रश्न: गरम पाण्यात टाकलेला बर्फ वितळला. आता समीकरणात त्याचं काय उरलं?
उत्तर: ते पाणी 0 पासून T पर्यंत तापणं.

त्यानंतरच्या गणितात आणखी एक वळण होतं. तेच 40 अंशाचं 20 ग्रॅम पाणी, पण बर्फ 5 ऐवजी 20 ग्रॅम. तिने नवं समीकरण बिनचूक मांडलं, 20 × (40 − T) = 1600 + 20T, आणि T आला उणे 20. कागदाकडे बघत राहिली. "पाणी उणे वीस अंशाला?" तिचं तिलाच पटेना. सगळा बर्फ वितळायला 1600 कॅलरी लागतात, आणि पाणी 0 पर्यंत थंड झालं तरी 800 च देतं. म्हणजे 10 ग्रॅम बर्फच वितळणार, उरलेला 10 ग्रॅम तसाच राहणार आणि तापमान 0. यातून दोन कार्डं निघाली:

प्रश्न: पाण्यात बर्फ टाकल्याच्या गणितात समीकरण मांडण्याआधी काय तपासायचं?
उत्तर: सगळा बर्फ वितळतो का.

प्रश्न: शेवटी थोडा बर्फ शिल्लक राहिला, तर मिश्रणाचं तापमान किती?
उत्तर: 0 अंश.

'कसं तपासायचं' हे तिसरं कार्ड होऊ शकलं असतं. पण ते करून बघायचं काम आहे, म्हणून वहीत त्यासाठी दोन गणितं लिहून दिली आणि कार्ड केलं नाही. याच जातीचं आणखी एक: Q = m × c × ΔT हे सूत्र तिला झोपेत विचारलं तरी येतं, पण वितळतानाही ती तेच वापरू बघत होती. तेव्हा सूत्र विचारण्याऐवजी "Q = m × c × ΔT कधी चालत नाही?" असं विचारलं. मागे: अवस्था बदलत असताना.

राहिलेली चार लवकर झाली. 100 अंशाच्या 1 ग्रॅम पाण्याची तेवढ्याच तापमानाची वाफ करायला 540 कॅलरी. पाण्याची घनता सगळ्यात जास्त 4 अंशाला. 0 पासून 4 अंशांपर्यंत पाणी तापवलं तर आकारमान कमी होतं. आणि कडाक्याच्या थंडीत तळ्याच्या तळाशी 4 अंशाचं पाणी का असतं, तर त्याचीच घनता सगळ्यात जास्त असते म्हणून. एकूण बारा झाली.

कागद, खोका आणि संगणक

कार्डासाठी पातळ कागद घेऊ नका, मागचं उत्तर उमटून दिसतं. जाड कार्डशीटचा ए-4 कागद तीनदा निम्मा करत कापला की आठ कार्डं होतात, तेवढा आकार पुरतो. जुन्या लग्नपत्रिकाही चालतात, पण छापील बाजू आत घेऊन दुमडून चिकटवाव्या लागतात. सगळी कार्डं एकाच पेनाने लिहा. रंगांनी नटवली की मुलं रंगावरून उत्तर ओळखतात. हिरवं म्हणजे 540, असं मला एका मुलाने अभिमानाने सांगितलं होतं.

उजळणीसाठी बुटांच्या खोक्यात तीन कप्पे करा. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. उत्तर बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात जातं, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. ही पद्धत लाइटनर या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या पत्रकाराने 1970 च्या दशकात लोकप्रिय केली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते. उत्तर आधी मोठ्याने म्हणायचं आणि मगच कार्ड उलटायचं. मनात म्हटलेलं उत्तर मागची बाजू दिसताच आपोआप दुरुस्त होतं आणि आपल्याला येत होतं असं वाटतं.

मोबाइलवर करायचं असेल तर Anki नावाचं ॲप बरीच मुलं वापरतात. कार्डं एकेक भरण्यापेक्षा संगणकावर साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून एकदम आत घेता येतात. एका ओळीत एक कार्ड, प्रश्न आणि उत्तर यांच्यात अर्धविराम:

```
#separator:Semicolon
शेवटी थोडा बर्फ उरला तर तापमान किती?;0 अंश
Q = m × c × ΔT कधी चालत नाही?;अवस्था बदलत असताना
```

फाइल UTF-8 मध्ये जतन करा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि भलती अक्षरं दिसतात. आणि प्रश्नाच्या आत अर्धविराम येऊ देऊ नका, तिथेच कार्ड तुटतं. मला स्वतःला कागदच बरा वाटतो, कारण खराब कार्ड फाडून टाकता येतं.

दुसऱ्या दिवशी कार्डांची परीक्षा

केलेली कार्डं त्याच दिवशी चांगलीच वाटतात, सगळं डोक्यात ताजं असतं. खरा दोष एक रात्र गेल्यावर दिसतो. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने बाराही कार्डं काढायची आणि चुकलेलं प्रत्येक कार्ड बाजूला ठेवून विचारायचं: चूक माझी का कार्डाची?

प्रश्न वाचून "कशाबद्दल विचारतोय?" असं झालं तर चूक कार्डाची. आमच्या मूळ चौदांत एक होतं: "पाण्याचं वैशिष्ट्य काय?" ते मी लिहितानाच काढलं होतं, पण तिने हौसेने परत घातलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "विशिष्ट उष्माधारकता जास्त." मागे लिहिलं होतं 4 अंशाबद्दल. दोन्ही उत्तरं खरी. एका प्रश्नाला दोन खरी उत्तरं निघाली की तो प्रश्न बदलायचा, विद्यार्थ्याला चूक द्यायची नाही.

उत्तर द्यायला फार वेळ लागला, मोजदाद करावी लागली, तर आत गणित लपलंय. ते वहीत हलवा. उत्तर झटकन आलं पण "म्हणजे काय?" विचारल्यावर गडबडला, तर उत्तर फक्त आवाजाने पाठ झालंय. अशा कार्डाचा प्रश्न उलटा करून बघा. "बर्फ वितळताना उष्णता जाते कुठे?" याचं पाठ उत्तर देणाऱ्याला "कणांमधले बंध सैल होताना थर्मामीटर काय दाखवतो?" असं विचारा. तिथे तो थांबला तर पहिलं कार्ड काढून दुसरं ठेवा.

आणि जोड्या. 80 आणि 540 ही दोन्ही कार्डं ती पहिल्या तीन दिवसांत अदलाबदल करत होती. दोन्ही प्रश्न दिसायला सारखे, उत्तरात फक्त आकडा वेगळा, मग गोंधळ होणारच. अशा वेळी ती दोन कार्डं आणखी घोकून घेण्यापेक्षा त्यांच्यामधला फरक विचारणारं एक कार्ड घालावं: "वितळायला जास्त उष्णता लागते की उकळून वाफ व्हायला?" मागे: वाफ व्हायला, जवळजवळ सातपट. कण एकमेकांपासून पार सुटे करायचे असतात, हे तिला माहीत होतं, त्यामुळे मोठा आकडा कुठला ते परत चुकलं नाही.

हे तेरावं कार्ड झालं. पण तळ्याचं कार्ड तोवर तिला इतकं सहज येत होतं की ते आम्ही फाडून टाकलं.

पुढच्या शिकवणीला पहिली दहा मिनिटं खोक्यालाच दिली. बर्फ टाकण्याआधी काय तपासायचं, या कार्डाचं उत्तर तिने बरोबर दिलं. मी लगेच 30 अंशाचं 40 ग्रॅम पाणी आणि 20 ग्रॅम बर्फ सांगितला. तिने समीकरणाला हातच लावला नाही. कोपऱ्यात 1200 लिहिलं, खाली 1600 लिहिलं, आणि म्हणाली, "ताई, 5 ग्रॅम उरतो."